नवरीच्या मेकअपचे रील: लग्नसराईत शूट करा, चातुर्मासात टाका



डहाणू-तलासरीकडे घरोघरी जाऊन नवरीचा मेकअप करणाऱ्या मुलींची एक तक्रार मला हमखास ऐकायला मिळते. "सर, आठवड्याला चार-पाच रील टाकते. व्ह्यूज येतात, 'खूप छान ताई' असं लोक लिहितात, पण नवरीचं बुकिंग काही येत नाही."

प्रोफाइल उघडून बघितलं की बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. साधा चेहरा, कॅमेऱ्यावर हात, चुटकी, आणि पुढच्या क्षणी नटलेली नवरी. मागे चालू ट्रेंडचं हिंदी गाणं. गावाचं नाव नाही, मेकअप करणारीचा आवाज नाही, किती वाजता गेली, काय काय केलं, काहीच नाही. असा रील कुणीही कुठेही बघतो आणि पुढे जातो. चौकशी आलीच तर ती चारशे किलोमीटरवरून येते: "मॅडम, क्लास घेता का?"

आपला धंदा किती लांब पोहोचू शकतो ते आधी बघूया. डहाणूत राहणारी मुलगी पहाटे निघून तास-दीड तासात जिथे पोहोचेल, तेवढाच तिचा बाजार. किनाऱ्याने झाई, बोर्डी, घोलवड, डहाणू, चिंचणी. आत आशागड, गंजाड, कासा, चारोटी. हायवेने तलासरी, उधवा, आणि हद्द ओलांडली की उंबरगाव, संजाण. या पट्ट्यात वर्षाला पंचवीस-तीस नवऱ्या मिळाल्या तरी एकट्या मुलीचं वर्ष भरतं. म्हणजे आपल्याला चाळीस हजार माणसं नकोत. या गावांतली चार-पाचशे घरं हवीत, ज्यांच्याकडे येत्या सहा महिन्यांत लग्न आहे.

आणि त्या घरात रील एकटी नवरी बघत नाही. बघते करवली. ती व्हॉट्सॲपवर बहिणीला पाठवते, बहीण आईला दाखवते, आई मामीला विचारते, आणि पैसे देणारा भाऊ शेवटी एवढंच म्हणतो, "किती घेते?" या सगळ्यांच्या मनात घोळणारे प्रश्न चारच असतात. पहाटे आमच्या पाड्यावर ही येईल का? पोरीचा रंग सावळा आहे, चेहरा राखाडी तर नाही ना दिसणार? मे महिन्याच्या घामात हा मेकअप टिकेल का? आणि पैशात साडी-केस धरलेत की वेगळे? यातल्या एकाचं तरी उत्तर ज्या व्हिडिओत नाही, तो कितीही सुंदर असला तरी बुकिंग आणत नाही. लाइक मात्र आणतो.

आधी पंचांग, मग कॅमेरा

बहुतेक मुली लग्नसराईत रोज टाकतात आणि पावसाळ्यात गप्प बसतात. "आता लग्नंच नाहीत, तर टाकू काय?" मी म्हणतो, नेमकं उलटं करा.

२०२६ सालच घ्या. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणून मुहूर्ताची लग्नं मेच्या पहिल्या पंधरवड्यातच दाटीवाटीने उरकायची. मग पाऊस. २५ जुलैला आषाढी एकादशी, तिथून चातुर्मास. २० नोव्हेंबरला कार्तिकी एकादशी, त्यानंतर तुळशीची लग्नं आणि पुन्हा माणसांची लग्नं. मधल्या चार महिन्यांत लग्न लागत नाही, पण लग्न ठरतं. स्थळं बघितली जातात, हॉल विचारले जातात, दसरा-दिवाळीला नातेवाईक जमले की तारखा निघतात. मेकअपवाली कोण हा विषयही तेव्हाच निघतो. नेमक्या त्याच वेळी आपलं प्रोफाइल मे महिन्यापासून झोपलेलं असतं.

आता हिशेब करूया. २५ जुलै ते २० नोव्हेंबर म्हणजे साधारण सतरा आठवडे. पितृपंधरवड्यात लग्नाचं बोलणं कुणी काढत नाही, ते दोन आठवडे सोडा. उरले पंधरा. आठवड्याला दोन व्हिडिओ म्हणजे तीस. एका लग्नातून चार व्हिडिओ नीट निघतात. म्हणजे फेब्रुवारी ते मे या काळातली आठ लग्नं तुम्ही ठरवून शूट केलीत की पुढच्या सराईपर्यंतची बेगमी झाली. कोळीवाड्यात वाळवणं करून पावसाळ्यासाठी ठेवतात ना, तसंच हे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. सगळीच लग्नं पंचांगाने चालत नाहीत. वारली घरांत लग्न लावणारी धवलेरी असते, आणि तारीख पुष्कळदा शेतीची कामं आणि हातात आलेला पैसा बघून ठरते. अशा घरांतून चौकशी दोन-तीन आठवडे आधी येते, कधी आठ दिवस आधीही. म्हणून साठ्यातले चार-पाच व्हिडिओ मागे ठेवा आणि ऐन सराईत आठवड्याला एक टाकत राहा. सराईत रोज टाकायची गरज नाही, तेव्हा हात कामात असतात.

नवरात्राचा आठवडा सोडू नका. आपल्याकडे गुजरातची हद्द लागून, गरबा जोरात. गरब्याच्या मेकअपला येणाऱ्या मुलींत पुढच्या वर्षीच्या नवऱ्या असतात. घामात नाचून आलेला चेहरा रात्री बारा वाजता दाखवता आला, तर मेच्या घामाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

एक लग्न, चार व्हिडिओ

समजा, मे महिना आहे आणि आशागडजवळच्या पाड्यावर लग्न आहे. मुहूर्त दुपारी साडेबाराचा, नवरी दहाला तयार हवी. तुम्ही साडेपाचला निघालात, सहाला पोहोचलात. मेकअप, केस, साडी मिळून साडेतीन तास. यात शूटिंगला एकूण आठ-दहा मिनिटांपेक्षा जास्त द्यायची नाहीत, कारण पैसे मेकअपचे घेतलेत. म्हणून काय काय घ्यायचं ते घरूनच एका कागदावर लिहून न्या आणि नवरीच्या बहिणीला किंवा मैत्रिणीला हाताशी घ्या.

पोहोचल्यावर दहा सेकंद: गाडीतून बॅग काढताना किंवा अंगणात मंडपाजवळ उभं राहून एक वाक्य. "सकाळचे सहा वाजलेत, आशागडला आलेय, दहाला नवरी तयार करायची आहे." बस. मग जागा निवडा. खिडकी किंवा उघडं दार, जिथून उजेड सरळ चेहऱ्यावर येतो. खोलीतली ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा पिवळट येतो आणि तुमचा मेकअप मुळात कसा होता ते कुणालाच कळत नाही. जमिनीवर खडूने किंवा चपलेने खूण करा. सुरुवातीचा आणि शेवटचा शॉट नवरी याच खुणेवर, त्याच बाजूला तोंड करून. उजेड बदलला की लोक म्हणतात, लाइटची कमाल आहे.

मधे तीन ठिकाणी मोबाइल बहिणीच्या हातात द्या: बेस लावताना हनुवटीपाशी, केसांत गजरा माळताना, आणि साडीच्या निऱ्या किंवा नथ बसवताना. प्रत्येकी पंधरा-वीस सेकंद. मोबाइल उभा, पाठीमागचा कॅमेरा, ब्युटी मोड बंद. पुढच्या कॅमेऱ्याने त्वचा आपोआप गुळगुळीत होते, आणि गावातल्या बायकांना आता फिल्टर लगेच ओळखू येतो.

शेवटचा शॉट सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो तुम्ही घेत नाही. तुम्ही साडेदहाला निघून गेलेल्या असता. म्हणून निघताना बहिणीला सांगा: "संध्याकाळी चारला ताईचा दहा सेकंदांचा व्हिडिओ काढ, मंडपातच, फिल्टर नको, आणि मला पाठव." तिला साधा हातमेकअप फुकट करून द्या, ती विसरत नाही. हा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नेहमीसारखा पाठवला तर चित्र भुरकट होऊन येतं.

आता घरी बसून यातून चार व्हिडिओ काढायचे.

पहिला, वेळेचा. सहा वाजताचं वाक्य, मधली कामं भराभर, दहा वाजता तयार नवरी. वीस सेकंद. पहिल्या दोन सेकंदांत पडद्यावर मोठ्या अक्षरांत: "सकाळी ६, आशागड". जवळच्या गावातली करवली गावाचं नाव वाचूनच थांबते.

दुसरा, घामाचा. आधी चारचा व्हिडिओ, मग सकाळी दहाचा. उलटा क्रम मुद्दाम. "मे महिना, दुपारचे चार, सहा तास झाले" असं लिहिलेलं आणि खाली हसणारी, घामेजलेली, पण मेकअप न ओघळलेली नवरी. नाकाच्या बाजूला थोडा तेलकटपणा दिसत असेल तर तो दिसू द्या आणि तुमच्या आवाजात सांगा: "इथे फक्त टिश्यू टेकवायचा, पुसायचं नाही." या एका वाक्याने ही खरं बोलते आहे हे घरच्यांना पटतं.

तिसरा, रंगाचा. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर बोलू.

चौथा, पैशांचा. यात नवरी मागे दिसते आणि तुम्ही बोलता. काय काय मिळतं ते एका दमात: मेकअप, केस, साडी नेसवणं, दागिने बसवणं, गजरा तुमचा की माझा, येण्याजाण्याचा खर्च कुठपर्यंत धरला आहे. सुरुवातीचा दर सांगायचा की नाही यावर वाद आहे. माझं मत स्पष्ट आहे, सांगा. "इतक्यापासून सुरू" एवढं तरी सांगा. दर लपवला की चौकशा वाढतात, पण त्यातल्या निम्म्या दर ऐकून गप्प होतात आणि तुमची रात्र उत्तरं देण्यात जाते.

सावळ्या रंगाचा व्हिडिओ

या भागात मी एकच व्हिडिओ निवडायचा म्हटलं तर हाच निवडीन. तलासरी, कासा, गंजाड पट्ट्यातल्या किती तरी मुलींनी चुलत बहिणीच्या लग्नात बघितलेलं असतं: चेहरा दोन शेड गोरा, मान आणि हात आपल्या रंगाचे, आणि फोटोत तोंड राखेसारखं. ही भीती खरी आहे आणि ती कुणी बोलून दाखवत नाही.

राख का दिसते? बहुतेक वेळा फाउंडेशन त्वचेपेक्षा फिकट असतं आणि त्यात पिवळसर-तांबूस छटा कमी असते. वरून पांढरी पावडर जास्त बसली की फ्लॅशमध्ये ती चमकून उठते. डोळ्याखालचा काळेपणा आधी नारिंगी करेक्टरने न दबवता सरळ फिकट कन्सीलर लावला, तरी तिथे राखाडी छटा येते. हे तुम्हाला कामात माहीत आहे. व्हिडिओत ते दाखवायचं असतं.

असं करा. नवरीच्या जबड्यापासून मानेपर्यंत तीन शेडच्या तीन रेषा ओढा. खिडकीच्या उजेडात जवळून घ्या. आवाजात सांगा: "पहिली दिसते आहे, दुसरी पण दिसते आहे. तिसरी कुठे गेली? तीच हिची शेड." मग चेहरा पूर्ण झाल्यावर कॅमेरा चेहऱ्यावरून मानेवर आणि तिथून मेंदीच्या हातावर न थांबता फिरवा. मधे कट नको. कट आला की शंका आली.

इथे मोबाइल एक खोडी करतो. सावळा चेहरा दिसला की तो आपोआप चित्र उजळवतो, आणि तुम्ही बरोबर लावलेला बेसही व्हिडिओत फिकट येतो. बहुतेक मोबाइलमध्ये पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरलं की फोकस तिथे कायम होतो आणि बाजूला सूर्याचं चिन्ह येतं. ते थोडं खाली ओढा. बरोबर झालं का ते ओळखायची खूण सोपी: पडद्यावरचा हात आणि समोरचा खरा हात एकाच रंगाचा दिसला पाहिजे.

आणि "गोरी दिसेल", "रंग उजळेल" हे शब्द व्हिडिओत येऊ देऊ नका. ज्या मुलीला आपल्यासारखीच दिसायचं आहे, ती हे शब्द ऐकून दुसरीकडे जाते.

आवाज आणि परवानगी

ट्रेंडचं गाणं का नको, तर बिझनेस अकाउंटला गाण्यांचा पूर्ण खजिना वापरता येत नाही, आणि हळदीच्या डीजेचं गाणं मागे वाजत असेल तर व्हिडिओचा आवाजच बंद होऊ शकतो. त्यापेक्षा तुमचा आवाज. घरात जसं बोलता तसंच बोला, मांगेली किंवा वारली वळण आलं तर येऊ द्या. उंबरगाव-संजाणची कामं हवी असतील तर शेवटचं वाक्य गुजरातीतही म्हणा. कपाटात दार लावून, मोबाइल तोंडापासून वीतभर धरून बोललं की आवाज स्वच्छ येतो. कपडे प्रतिध्वनी खातात.

परवानगी बुकिंगच्या वेळीच घ्या, लग्नाच्या दिवशी नाही. त्या दिवशी नवरी कशालाही हो म्हणते आणि नंतर सासरी बोलणी खाते. व्हॉट्सॲपवर एवढं लिहून मागा: "तुमच्या मेकअपचा व्हिडिओ लग्नानंतर माझ्या पेजवर टाकला तर चालेल का? चेहरा दाखवू, की फक्त केस-हात-साडी? साधा चेहरा दाखवू की नको?" उत्तर आलं की तो मेसेज जपून ठेवा. साध्या चेहऱ्याला पुष्कळजणी नाही म्हणतात. हरकत नाही, जबड्यावरच्या तीन रेषांचा व्हिडिओ डोळे न दाखवताही होतो. लग्नाआधी काहीही टाकू नका.

वारली घरात भिंतीवर लग्नचौक काढलेला असेल तर तो "मस्त बॅकग्राउंड" म्हणून नवरीला समोर उभी करू नका. तो देवीचा चौक आहे. आधी घरातल्या मोठ्या बायांना विचारा, नाही म्हणाल्या तर अंगणात शूट करा.

चौकशी कुठे येते ते बघा

प्रोफाइलवर "फोनसाठी मेसेज करा" असं लिहिण्यापेक्षा व्हॉट्सॲपची लिंक द्या. नंबरच्या आधी ९१, मधे जागा नाही, अधिकचं चिन्ह नाही:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=लग्नाची%20तारीख%20आणि%20गाव:
```

लिंक दाबली की तिच्या मोबाइलवर तुमचं चॅट उघडतं आणि "लग्नाची तारीख आणि गाव:" हे आधीच टाइप केलेलं असतं. तिने फक्त भरायचं. मराठी अक्षरांची लिंक काही ठिकाणी चिकटवताना तुटते, तेव्हा स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या मोबाइलवरून दाबून बघा. तुटली तर `text=` च्या पुढे रोमन अक्षरांत छोटं वाक्य ठेवा, दोन शब्दांमधे मोकळ्या जागेऐवजी `%20`. एक तयार उत्तरही व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये जतन करून ठेवा: दर, काय काय मिळतं, तारीख पक्की करायला किती ॲडव्हान्स.

मग एक साधी वही. गाव, लग्नाची तारीख, कुठून कळलं, बुकिंग झालं का. पेजवर व्ह्यूज किती ते आठवड्यातून एकदा बघा, वही रोज. समजा, चुटकीच्या रीलला वीस हजार व्ह्यूज आले आणि वहीत एकही ओळ वाढली नाही, आणि घामाच्या व्हिडिओला सातशेच व्ह्यूज पण वाणगाव, कासा, तलासरी अशा तीन ओळी आल्या, तर पुढच्या लग्नात चारचा शॉट आणखी नीट घ्यायचा. इनसाइट्समध्ये 'शेअर' चा आकडा मात्र बघत जा. लाइक मैत्रीण देते, शेअर करवली करते.

चौकशा भरपूर आणि बुकिंग नाही, असं झालं तर व्हिडिओंना दोष देऊ नका. तेव्हा दर, ॲडव्हान्स किंवा उत्तर द्यायला लागणारा वेळ यात कुठेतरी गाठ असते. पाड्यावरून आलेल्या मेसेजला दुसऱ्या दिवशी उत्तर गेलं, तर तोवर त्यांनी डहाणू स्टेशनजवळच्या पार्लरला फोन केलेला असतो.

अजून एकही नवरी हातात नसेल तर? मावसबहीण, शेजारीण, वहिनी यांच्यावर सराव करा आणि पडद्यावर "सराव" असं स्पष्ट लिहा. मुंबईच्या एखाद्या आर्टिस्टचा फोटो उचलून टाकू नका, या भागात कोणाचं लग्न कुणी सजवलं हे चार घरं विचारलं की कळतं. सरावात वेगवेगळ्या रंगाच्या तीन बायका घ्या, तिघींच्या जबड्यावर त्याच तीन रेषा ओढा, आणि प्रत्येकीची वेगळी रेष नाहीशी होताना दाखवा. मॉडेल म्हणून सगळ्यात सावळी बाई आधी. दुपारी बाहेर उन्हात पापड वाळत घालायला तिला पाठवा, आणि चारला पुन्हा खिडकीच्या खुणेवर उभी करून दहा सेकंद घ्या.